सल्ला सदर : नऊशे बारा शब्दांचे पाचशे करताना

*"मी जालना जिल्ह्यातला स्थापत्य अभियंता असून तीन वर्षे एका स्वयंसेवी संस्थेत जलसंधारणाचे काम करतो आहे. इंग्लंडमधील एका विद्यापीठात भूजलशास्त्राच्या एमएस्सीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. एसओपीला, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशाच्या निवेदनाला, पाचशे शब्दांची मर्यादा आहे आणि माझे नऊशे बारा झाले आहेत. तिघांना वाचायला दिले. तिघेही म्हणाले की तेच तेच पुन्हा येते आहे, पण काय गाळायचे ते प्रत्येकाने वेगळे सांगितले. मी रोज दहा-वीस शब्द कमी करतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा घालतो. कुठले वाक्य काढले तरी काहीतरी महत्त्वाचे गेल्यासारखे वाटते. मसुदा सोबत पाठवत आहे. कृपया मार्गदर्शन करावे." — एक वाचक, जालना*

नमस्कार,

तुमचा मसुदा मी दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच गोष्ट लिहीत गेले : या परिच्छेदातून वाचणाऱ्याला आधी ठाऊक नसलेले काय कळले? मोठ्या मजकुराला हात लावण्यापूर्वी हे काम करावे, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण आपला मजकूर आपण वाक्यावाक्याने वाचतो तेव्हा प्रत्येक वाक्य गरजेचेच वाटते. परिच्छेदाकडे पाहून हा प्रश्न विचारला की चित्र बदलते.

तुमच्या सात परिच्छेदांचे समास असे भरले. पहिला, एकशे अठ्ठेचाळीस शब्दांचा, गावात येणारा टँकर आणि आजीची घागर यांवर आहे. त्यातून तुम्ही दुष्काळी भागातले आहात एवढे कळते. दुसऱ्यात दहावी, बारावी, अभियांत्रिकीचे गुण आणि महाविद्यालयातील पारितोषिके आहेत. ही सगळी माहिती अर्जाच्या शैक्षणिक रकान्यांत तुम्ही आधीच भरलेली आहे, त्यामुळे समास कोरा राहिला. तिसऱ्यात वसतिगृहाच्या छतावरील पावसाचे पाणी साठवण्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. चौथ्यात, म्हणजे नोकरीच्या दोनशे तीन शब्दांच्या परिच्छेदात, मी थांबले, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पाचवा 'या सर्व अनुभवांतून मला जाणवले' असा सुरू होतो आणि आधीच्या चार परिच्छेदांचेच सार सांगतो. तिथेही समास कोरा. सहाव्यात विद्यापीठाची कीर्ती, तिथले वातावरण आणि दोन विषयांची नावे आहेत. सातव्यात पुन्हा पाण्याच्या प्रश्नाची तळमळ, मराठवाड्याचे चित्र पालटण्याची इच्छा आणि निवड समितीचे आभार आहेत.

'पाण्याच्या प्रश्नाची तळमळ' हा आशय शब्द बदलून सहा ठिकाणी आला आहे. तुमच्या मित्रांनी दाखवलेली पुनरुक्ती हीच. तरीही तुम्हाला एकही वाक्य काढवत नाही, कारण ही पुनरुक्ती भाषेतल्या ढिलाईतून आलेली नाही. तुम्ही मजकूर वयाच्या क्रमाने मांडला आहे : बालपण, शाळा, महाविद्यालय, नोकरी, भविष्य. अशा मांडणीत प्रत्येक टप्प्यावर लेखकाला आपला एकच गुण नव्याने सिद्ध करावा लागतो. लहानपणीही तळमळ होती, महाविद्यालयातही होती, नोकरीत ती वाढली आणि पुढेही राहील. गुण सिद्ध करायला घेतला की तो पुन्हा पुन्हा सांगण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. त्याऐवजी हातात एखादा प्रश्न घेतला तर तो पुढे सरकतो, कारण प्रश्न कसा पडला, उत्तर शोधताना काय केले, कुठे अडलो आणि आता काय शिकायला हवे, यांतील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा वेगळी असते. म्हणून शब्दांची काटछाट करून तुमचे नऊशेचे फार तर आठशे होतील. पाचशेवर यायचे असेल तर मांडणीचा कणाच बदलावा लागेल.

तो नवा कणा तुमच्याच चौथ्या परिच्छेदात पडून आहे. परिच्छेद असा सुरू होतो (तुमच्या इंग्रजीचा आशय मी मराठीत देते) : "माझ्या व्यावसायिक कारकिर्दीत मला जलसंधारणाच्या क्षेत्रात काम करण्याची बहुमोल संधी मिळाली. या काळात मी अनेक गावांत विविध प्रकारची कामे केली आणि ग्रामीण भागातील पाण्याच्या समस्येची सखोल जाण मला आली. सिमेंट नाला बांध, नाला खोलीकरण, कंपार्टमेंट बंडिंग अशा कामांत माझा सक्रिय सहभाग होता." आणि मग, परिच्छेदाच्या अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखे एक वाक्य येते : "काही विहिरींना अपेक्षित लाभ झाला नाही हेही माझ्या निदर्शनास आले."

या शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली आणि तुम्हाला उलट पत्र पाठवून विचारले की कोणत्या विहिरी, किती, आणि तुमच्या निदर्शनास कसे आले. तुमच्या उत्तरात जे आले ते मूळ मसुद्यात नव्हते : ऑक्टोबर ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी चौदा विहिरींची पातळी तुम्ही स्वतः टेप सोडून मोजली होती, बांधाला सर्वांत जवळची विहीर आधी आटली होती, दूरची टिकली होती, आणि त्याचे कारण पाहायला तुम्ही दोरी धरून दोन्ही विहिरींत उतरला होता. एवढे सगळे घडलेले असताना ते एका वाक्यात गुंडाळून आजीच्या घागरीला एकशे अठ्ठेचाळीस शब्द दिले, याचे मला वाईट वाटले. घागर खोटी नाही, पण दुष्काळी भागातला कोणताही अर्जदार तशीच घागर आणू शकतो. त्या चौदा विहिरी फक्त तुमच्याकडे आहेत.

तेव्हा मूळ मसुदा बंद करून बाजूला ठेवा. तो समोर उघडा असेपर्यंत तुम्ही त्यातूनच वाक्ये उचलत राहाल आणि दहा-वीस शब्दांची ती रोजची ये-जा थांबणार नाही. कोऱ्या कागदावर मराठीत एकच वाक्य लिहा. तुमच्या उत्तरावरून मला ते असे दिसते : बांधाची जागा ठरवण्याआधी खालचा खडक पाहायला हवा, आणि तो जमिनीवरून पाहण्याची विद्या मला येत नाही. हे वाक्य निवेदनात जसेच्या तसे येणार नाही. प्रत्येक परिच्छेद यापैकी कोणत्या अर्ध्या भागाचे काम करतो हे तपासण्यासाठी ते टेबलावर ठेवायचे आहे. ज्या परिच्छेदाचा त्याच्याशी संबंध सांगता येत नाही तो कितीही चांगला असला तरी या निवेदनातला नाही. वसतिगृहाच्या छताचा प्रकल्प या कसोटीवर पूर्णपणे बाहेर पडतो, कारण छतावरून टाकीत आलेल्या पाण्याला खडकाशी काही देणेघेणे नसते.

त्यानंतर शब्दांचे अंदाजपत्रक करा, आणि ते लिहायला बसण्याआधी करा. तुमच्यासाठी मी असे सुचवीन : विहिरींचा प्रसंग आणि मोजमाप यांना एकशे नव्वद शब्द, जिथे अडलात त्याला साठ, अभ्यासक्रमातून नेमके काय हवे आहे याला एकशे तीस, आणि परत आल्यावर काय करणार याला शंभर. हे चारशे ऐंशी झाले. उरलेले वीस शिल्लक ठेवा, कारण एखादे वाक्य पुरते उलगडायला सहा-सात शब्द हमखास कमी पडतात. सर्वांत मोठा वाटा प्रसंगाला दिला आहे, कारण तुम्ही विचार कसा करता हे समितीला तिथेच दिसते. ज्याच्याकडे असा प्रसंग नसेल, पण पुढील संशोधनाचा आराखडा पक्का असेल, त्याची वाटणी अर्थातच वेगळी होईल.

आता प्रसंगाचा परिच्छेद. तुमच्या उत्तरातील तपशिलांवरून मी तो मराठीत मांडून पाहिला : "२०२२च्या मे महिन्यात आमच्या पाच जणांच्या चमूने एका गावाच्या नाल्यावर दोन सिमेंट बांध बांधले. मुरलेले पाणी कुठवर पोहोचते हे पाहण्यासाठी मी ऑक्टोबरपासून पुढील मेपर्यंत चौदा विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजली. बांधाला सर्वांत जवळची विहीर फेब्रुवारीत कोरडी पडली. चारशे मीटर दूरच्या विहिरीत एप्रिलअखेर तीन मीटर पाणी होते. दोन्हींत उतरून पाहिले तेव्हा पहिलीच्या भिंती तीन मीटरखाली अखंड काळ्या पाषाणाच्या होत्या, तर दुसरीच्या भिंतीत मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकाचा पट्टा होता. बांधांच्या जागा आम्ही नाल्याचा उतार आणि रुंदी पाहून ठरवल्या होत्या. खालचा खडक कोणी पाहिला नव्हता."

जुन्या परिच्छेदाशी हा ताडून पाहा. जुन्यात 'सखोल जाण', 'सक्रिय सहभाग', 'बहुमोल संधी' अशी विशेषणे तुमच्या वतीने बोलत होती. नव्यात एकही विशेषण तुमच्याविषयी नाही, तरीही कोरडी विहीर पाहून तिच्यात उतरणारा माणूस कसा असेल हे वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. तळमळ हा शब्द इथे कुठेच नाही आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण आठ महिने दर पंधरवड्याला चौदा विहिरींवर जाणे हे काम तळमळीवाचून होत नाही. जो गुण सहा ठिकाणी सांगून झाला होता तो एका ठिकाणी दिसला, आणि सहाही ठिकाणचे शब्द मोकळे झाले.

परिच्छेदाचे शेवटचे वाक्यही पाहा. तिथे एक प्रश्न उघडा राहतो, आणि पुढचा परिच्छेद तोच उचलतो, त्यामुळे 'याशिवाय', 'त्याचप्रमाणे', 'या अनुभवातून पुढे' असे सांधे लागत नाहीत. तुमच्या मूळ मसुद्यात प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य आधीच्याचा आढावा घेते आणि शेवटचे वाक्य त्याच परिच्छेदाचा समारोप करते. सात परिच्छेदांत अशी बारा-तेरा वाक्ये होतात, आणि मी मोजले तेव्हा त्यांचे शब्द दोनशेच्या घरात गेले. कथन प्रश्नाच्या धाग्यावर चालले की ही वाक्ये काढावी लागत नाहीत. ती मुळात लिहिलीच जात नाहीत.

साठ शब्दांचा दुसरा तुकडा आकाराने सर्वांत लहान आहे, आणि लिहायला सर्वांत अवघड, कारण त्यात आपल्याला काय येत नाही ते स्पष्ट सांगायचे असते. आपल्याकडे अर्जात कमतरता कबूल करणे धोक्याचे मानतात. माझे मत उलट आहे. चौदा विहिरी आणि एक हंगाम यांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे वाक्य तुम्ही लिहायलाच हवे. दख्खनच्या पठारावर बसाल्टचे थर एकावर एक आहेत, आणि साधारणपणे थराचा वरचा, सच्छिद्र किंवा झिजलेला भाग पाणी धरतो, तर खालचा घट्ट भाग भेगा असतील तिथेच पाणी सोडतो, एवढे तुम्ही वाचून जाणता. पण तुमच्या नाल्याखाली हे थर कुठे सुरू होतात, कुठे संपतात आणि मांजऱ्याच्या पट्ट्यात किती पाणी मावते, हे विहीर न खणता कसे कळावे, ते तुम्हाला येत नाही. असे दोन निश्चित अडथळे मांडले की पुढच्या परिच्छेदाचे अर्धे काम होऊन जाते.

अभ्यासक्रमाचा परिच्छेद तुमच्या मसुद्यात एकशे अठरा शब्दांचा होता, आणि त्यातील नव्वदेक शब्द विद्यापीठाच्या कीर्तीवर खर्च झाले होते. समितीला ती कीर्ती ठाऊक असते. विद्यापीठाचे पाच शब्दांचे पूर्ण नाव चार वेळा आले आहे; ते एकदाच येऊ द्या आणि पुढे 'हा अभ्यासक्रम' म्हणा. मोकळ्या झालेल्या जागेत आधीच्या परिच्छेदातील दोन अडथळे आणि अभ्यासक्रमातील दोन विषय यांची जोडी लावा. थर जमिनीवरून ओळखण्यासाठी भूभौतिक सर्वेक्षणाचा विषय, ज्यात विद्युत रोधकतेची मोजणी शिकवतात. पट्ट्यात किती पाणी मावते आणि ते किती वेगाने वाहते यासाठी पंपिंग टेस्टचा विषय, म्हणजे विहिरीतून ठरावीक दराने उपसा करून पातळी कशी उतरते आणि नंतर कशी चढते यावरून खडकाचे गुणधर्म काढणे. विषयांची नावे विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या पानावरून घ्या, जुन्या माहितीपत्रकावरून नको, कारण विषय बदलतात आणि बंद झालेल्या विषयाचे नाव लिहिणे फार वाईट दिसते. तिकडच्या एमएस्सीत सहसा शेवटच्या काही महिन्यांत प्रबंध असतो. तुमच्या चौदा विहिरींच्या नोंदी त्या प्रबंधाला कशा उपयोगी पडतील यावर एक वाक्य लिहिलेत तर प्रसंग आणि अभ्यासक्रम एकमेकांत गुंततात.

परत आल्यावर काय करणार, या परिच्छेदात 'मराठवाड्याचे चित्र पालटेन' हे वाक्य मी खोडले. ते लिहिताना तुमची भावना खरी होती याबद्दल मला शंका नाही, पण एवढे मोठे वाक्य वाचून माणसाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. त्याऐवजी कामाचा आकार सांगा. तुमच्या संस्थेत बांधाची जागा ठरवताना सध्या उतार आणि रुंदी पाहतात. तुम्ही परतल्यावर त्याआधी आसपासच्या विहिरींच्या भिंतींची पाहणी आणि रोधकतेची मोजणी अशी एक पायरी जोडाल, पहिल्या वर्षी तीन गावांत ती करून पाहाल, आणि त्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहाल. एवढे पुरेसे आहे. टँकरचे गाव इथे एका वाक्यात येऊ शकते : ज्या तालुक्यात हे काम करायचे आहे तिथेच मी वाढलो आणि माझे कुटुंब आजही टँकरवर अवलंबून आहे. पहिल्या परिच्छेदात हीच माहिती तुमची ओळख म्हणून येत होती. इथे ती परत येण्याचे कारण म्हणून येते, म्हणून दीडशे शब्दांऐवजी वीस शब्दांत तिचे काम होते.

आजीबद्दल मात्र स्वतंत्रपणे सांगते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे असे मला वाटते. आजीची घागर काढली तर हे निवेदन माझे राहणार नाही, असे तुम्ही उलट पत्रात लिहिले होते. हा अर्ज एकाच मजकुराचा आहे, म्हणून तिला जागा नाही. काही अर्जांत ती असते. फुलब्राइटच्या अर्जात अभ्यासाचे उद्दिष्ट आणि वैयक्तिक निवेदन असे दोन वेगळे मजकूर मागतात, आणि घागर दुसऱ्यात अगदी योग्य ठरेल. चेव्हनिंगला नेतृत्व, लोकसंपर्क, अभ्यासाची निवड आणि पुढील कारकीर्द अशा वेगवेगळ्या प्रश्नांची स्वतंत्र उत्तरे लिहावी लागतात. तिथे पुनरुक्तीचा धोका एका उत्तराच्या आत कमी असतो, उत्तरांच्या दरम्यान जास्त, म्हणून कोणता प्रसंग कोणत्या उत्तराला द्यायचा याची वाटणी आधी करावी लागते. तुम्ही आणखी ठिकाणी अर्ज करणार असाल तर आजीचा परिच्छेद नीट जपून ठेवा.

आता वाक्यांकडे या. हे काम शेवटी करायचे, मांडणी बसल्यावर. तुमच्या इंग्रजीत जोडशब्दांची सवय आहे : ज्ञान आणि कौशल्ये, समस्या आणि आव्हाने, समजून घेणे आणि जाणून घेणे. मराठीत अशा जोड्यांना एक लय असते, आणि आपण ती नकळत इंग्रजीत नेतो. मर्यादेच्या मजकुरात प्रत्येक जोडीतला एक शब्द फुकट जातो. 'मला असे वाटते की', 'मी असे नमूद करू इच्छितो की' यांचीही तीच गत. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि बरीच शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, इंग्रजीत त्यांच्या जागी येणारे शब्द सुटे असतात आणि मोजणीत धरले जातात. 'विहिरीच्या भिंतीत' हे मराठीत दोन शब्द आहेत, इंग्रजीत सहा होतील. म्हणून विचार मराठीत करा, पण मराठी मसुदा पाचशे शब्दांचा करून मग भाषांतर करू नका. इंग्रजीत तो मर्यादा ओलांडून बराच पुढे जाईल. अंदाजपत्रकातले आकडे इंग्रजी शब्दांचेच आहेत.

आवळताना एक चूक अशी होते की ती करणाऱ्याला कळतच नाही. शब्द वाचवण्यासाठी 'आमच्या पाच जणांच्या चमूने बांधले' याचे 'मी बांधले' होते. दोन-तीन शब्द वाचतात आणि वाक्य खोटे होते. बांध चमूचे आहेत, विहिरींची मोजणी तुमची आहे, आणि ही रेषा निवेदनात स्वच्छ राहायला हवी. तुमचे वरिष्ठ शिफारसपत्र लिहिणार आहेत, त्यांच्या पत्रात चमूचा उल्लेख असणारच, आणि दोन्ही कागद एकाच व्यक्तीच्या हातात असतात. काही वर्षे मी एका शिष्यवृत्तीच्या प्राथमिक छाननीत अर्ज वाचले आहेत. निवेदनातला 'मी' आणि शिफारसपत्रातला 'त्यांचा गट' जुळला नाही की तो अर्ज बाजूला ठेवून त्यावर वेगळी चर्चा होत असे, आणि त्या चर्चेतून अर्जदाराचे भले झालेले मला आठवत नाही.

आवळण्याचा दुसरा अतिरेक म्हणजे कारणे गाळणे. काय झाले तेवढे उरते आणि का झाले ते जाते. तुमच्या परिच्छेदात 'मुरलेले पाणी कुठवर पोहोचते हे पाहण्यासाठी' हे शब्द काढायचा मोह होईल, कारण ते काढले तरी वाक्य व्याकरणाने पूर्ण राहते. पण मग मोजणी कोणाच्या तरी सांगण्यावरून केल्यासारखी वाटते. ते शब्द ठेवा आणि त्याऐवजी दुसऱ्या बांधाचा उल्लेख काढा. गोष्ट एका बांधाने पूर्ण होते.

मसुदा झाल्यावर भूजलाशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला तो एकदाच वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा : मला कोणता प्रश्न पडला आहे? "तुम्हाला पाण्यासाठी काम करायचे आहे" असे उत्तर आले तर प्रसंग अजून धूसर आहे. "बांधाजवळची विहीर का आटली ते तुम्हाला शोधायचे आहे" असे उत्तर आले तर निवेदन तयार आहे. या वेळी तिघांना देऊ नका. तिघांनी तीन वेगळ्या जागा दाखवल्या, कारण तुम्ही त्यांना काय गाळू असे विचारले होते, आणि त्या प्रश्नाला प्रत्येकजण आपल्या आवडीप्रमाणेच उत्तर देतो.

अर्जाच्या संकेतस्थळावर मजकूर चिकटवण्याआधी आणखी एक पाहून घ्या. तुमच्या संगणकावरची शब्दमोजणी आणि तिथल्या चौकटीची मोजणी नेहमी सारखी येत नाही. संयोगचिन्हाने किंवा तिरप्या रेघेने जोडलेले शब्द कुठे एक धरतात, कुठे दोन. काही ठिकाणी मर्यादेपलीकडचा मजकूर चौकट सरळ कापून टाकते आणि सूचनाही देत नाही. म्हणून चिकटवल्यावर शेवटचे वाक्य पूर्ण आहे ना हे डोळ्यांनी पाहा आणि परिच्छेदांमधील मोकळ्या ओळी टिकल्या आहेत ना तेही पाहा. शिल्लक ठेवलेल्या वीस शब्दांपैकी काही उरले असतील तर ते इथे उपयोगी पडतील. अंतिम मुदतीच्या दिवशी हे करू नका, चार दिवस आधी करा.

आणि विहिरींच्या नोंदींची ती वही शोधून ठेवा. मुलाखतीला बोलावले तर बोलणे आजीवर किंवा गुणांवर होणार नाही. चौदाच विहिरी का निवडल्या, मधल्या काळात कोणी उपसा वाढवला होता का, नवी बोअर पडली होती का, असे विचारतील. यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्या पत्रात मला दिसली नाहीत. गावात जाऊन त्या दोन विहिरींच्या मालकांशी आत्ताच बोलून घ्या. जवळच्या विहिरीवर त्या वर्षी मोटर जास्त चालली असेल तर प्रसंगाच्या परिच्छेदातील एक वाक्य बदलावे लागेल, आणि ते अर्ज पाठवण्याआधी बदललेले बरे.